लिहायचा ओ, ऐकायचा आ

2008 साली विनय पाठक यांचा ‘दसविदानिया’ नावाचा हिंदी चित्रपट आला. मरण जवळ आलेला एक साधा माणूस आपल्या दहा इच्छांची यादी करतो, अशी त्याची कथा. निरोप घेताना रशियन माणूस जो शब्द म्हणतो, तो या नावात आहे आणि त्याच वेळी ‘दस’ हा हिंदी आकडाही आहे. हे जुळून आले ते रशियन उच्चाराच्या एका नियमामुळे. रशियन लिपीत हा शब्द अक्षर लावून वाचला तर ‘दो स्विदानिया’ असा होतो. त्यात ‘द’ नाही, सरळ ‘दो’ आहे. तरीही कुठलाही मॉस्कोवासी निरोप घेताना ‘दो’ म्हणत नाही, ‘द’च म्हणतो. चित्रपटवाल्यांनी हा शब्द कानाने घेतला, म्हणून त्यांना ‘दस’ सापडला.

मराठीत आलेले बहुतेक रशियन शब्द मात्र कानाने आलेले नाहीत. ते छापील मजकुरातून, बहुधा इंग्रजीमार्गे, म्हणजे डोळ्यांनी आले. म्हणून आपण ‘बोल्शेविक’ म्हणतो, ‘सोव्हिएत’ म्हणतो, ‘दोस्तोयेव्हस्की’ म्हणतो. रशियन तोंडून यांतला पहिला ‘ओ’ ऐकूच येत नाही. दोस्तोयेव्हस्की तिथे ‘दस्तायेफ्स्की’ असतात, टॉलस्टॉय ‘ताल्स्तोय’ असतात आणि मॉस्को ‘मास्क्वा’ असते. गॉर्की मात्र ‘गोर्की’च राहतात, त्यांचा ‘ओ’ कोणी हिरावून घेत नाही. वोडका ‘वोत्का’ होते, पण तिच्यातलाही ‘ओ’ टिकतो. गंमत अशी की वोडका हा शब्द ज्या पाण्यावरून आला, त्या पाण्याला लिहितात ‘वोदा’ आणि म्हणतात ‘वादा’. एकाच मुळातून आलेले दोन शब्द, एकात ‘ओ’ ऐकू येतो आणि दुसऱ्यात येत नाही. रशियन शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न भेटतो, कारण पहिल्या धड्यात सर्वनामे असतात. ‘तो’ म्हणजे ‘ओन’, ‘ती’ म्हणजे लिहायला ‘ओना’ आणि म्हणायला ‘आना’, ‘ते’ म्हणजे लिहायला ‘ओनी’ आणि म्हणायला ‘आनी’.

याचे कारण आघातात आहे. रशियन शब्दात एक शब्दावयव इतरांपेक्षा जोराने, लांबवून आणि स्पष्ट उच्चारला जातो. त्यालाच आघात म्हणायचे. ‘ओ’ हे अक्षर फक्त आघाताखाली ‘ओ’ असते. आघात नसला की ‘ओ’ आणि ‘आ’ यांच्यातला फरक पुसला जातो आणि दोन्ही अक्षरे एकाच, ‘आ’कडे झुकणाऱ्या, सैल स्वरात मिसळतात. रशियन भाषक याला ‘आकान्ये’ म्हणतात, म्हणजे ‘आ’ करत बोलणे.

पण आघात नसलेले सगळे स्वर सारखेच सैल होत नाहीत, आणि नवशिक्यांसाठीच्या पुस्तकांत नेमकी हीच गोष्ट घाईत उरकलेली असते. एकोणिसाव्या शतकात खारकीवमध्ये शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ अलेक्सांद्र पोतेब्न्या यांनी त्याचे एक सोपे गणित मांडले. आघात असलेल्या शब्दावयवाला 3 गुण द्यायचे, त्याच्या लगेच आधीच्या शब्दावयवाला 2 आणि बाकी सगळ्यांना 1. दूध या अर्थाचा शब्द घ्या. लिहिताना त्यात तीन ‘ओ’ आहेत : ‘मोलोको’. आघात शेवटी आहे. म्हणजे गुण झाले 1, 2, 3. तीन गुणांचा ‘ओ’ खराखुरा ‘ओ’ राहतो. दोन गुणांचा ‘ओ’ आखूड ‘आ’ होतो. एक गुणाचा ‘ओ’ आपल्या मराठी ‘अ’सारखा पुसट होतो. उच्चार झाला ‘मलाको’. ‘चांगले’ या अर्थाचा शब्द लिहितात ‘खोरोशो’, आघात पुन्हा शेवटी, म्हणून ‘खराशो’. या गणिताला दोन छोटे फाटे आहेत. शब्दाची सुरुवातच ‘ओ’ने होत असेल तर तो आघातापासून कितीही दूर असो, ‘आ’च ऐकू येतो. आणि शब्दाच्या अगदी शेवटी, आघातानंतर आलेला ‘ओ’ एक गुणाचाच असला तरी मराठीत शेवटचा ‘अ’ गळून पडत असल्यामुळे तो लिहून दाखवायला मी पुढे हलका ‘आ’ वापरणार आहे.

मराठी माणसाला यात एक अडचण आहे आणि एक सोयही. अडचण अशी, की मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो शोधायची आपल्या कानाला सवय नाही. आपण ‘मोलोको’ वाचतो तेव्हा तिन्ही ‘ओ’ सारख्याच मापाचे, भरीव म्हणतो. रशियन माणसाला ते ऐकताना तीन वेगळे शब्द एकापुढे एक ठेवल्यासारखे वाटते. सोय अशी, की ‘अ’ आणि ‘आ’ हे दोन वेगळे स्वर आपल्याकडे लहानपणापासून पक्के आहेत, आणि पोतेब्न्यांच्या गणितातला 1 आणि 2 गुणांचा फरक जवळपास तोच आहे. ‘मलाको’ हे देवनागरीत लिहून वाचले तर खऱ्या उच्चाराच्या बरेच जवळ जाते. फक्त मधला ‘आ’ मराठीइतका उघडा आणि लांब ठेवायचा नाही.

उच्चार एकदा बसला की बोलण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. ऐकण्याचा सुटत नाही, कारण रशियनमध्ये आघात जागा बदलतो. त्याच शब्दाचे रूप बदलले की आघात दुसरीकडे उडी मारतो आणि त्याबरोबर सगळे स्वर रंग बदलतात. महाराष्ट्रातून बरेच विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात. वर्गात इंग्रजीत शिकवले गेले तरी रुग्णालयात समोरचा रुग्ण रशियनच बोलतो, आणि तो पाठ्यपुस्तकातल्यासारखा थांबत थांबत बोलत नाही. डोके या अर्थाचा शब्द लिहायला ‘गोलोवा’ आहे. रुग्ण म्हणतो, डोके दुखते आहे, तेव्हा आघात शेवटी असतो आणि ऐकू येते ‘गलावा’. तोच रुग्ण म्हणतो, डोक्याला मार लागला, तर शब्द कर्माच्या रूपात जातो, आघात पहिल्या शब्दावयवावर येतो आणि ऐकू येते ‘गोलवु’. ‘अनेक डोकी’ या अर्थाने षष्ठीचे अनेकवचन आले तर आघात मध्ये जातो आणि ऐकू येते ‘गालोफ’. लिहिताना तिन्ही ठिकाणी ‘गोलोव’ हीच अक्षरे आहेत. ऐकताना मात्र ‘ग’, ‘गो’, ‘गा’ अशा तीन सुरुवाती. ज्याने शब्द फक्त वहीतून पाठ केला आहे, त्याला हे तीन वेगवेगळे शब्द वाटतात आणि तिन्ही अनोळखी वाटतात.

रुग्णालयातलेच आणखी एक कुटुंब बघा. दुखणे या अर्थाचे नाम ‘बोल’, एकाच शब्दावयवाचे, म्हणून ‘ओ’ स्वच्छ. ‘दुखते’ हे क्रियापद लिहायला ‘बोलीत’, आघात दुसऱ्या शब्दावयवावर, म्हणून म्हणायला ‘बालीत’. ‘दुखतंय’ असे कळवळून सांगायचे तर शब्द ‘बोल्नो’, आघात सुरुवातीला, म्हणून ‘बोल्ना’. आणि रुग्ण म्हणजे ‘बोल्नोय’, आघात शेवटी, म्हणून ‘बाल्नोय’. शेवटचे दोन शब्द लिहिताना जवळजवळ सारखे आहेत, पण ऐकताना त्यांचे ‘ओ’ अगदी उलट्या जागी आहेत : ‘बोल्ना’ आणि ‘बाल्नोय’. म्हणून नवा शब्द शिकताना तो एका रूपात शिकणे पुरेसे नसते. किमान त्याचे अनेकवचन आणि कर्माचे रूप आघातासकट मोठ्याने म्हणून ठेवावे लागते. छापील रशियन मजकुरात आघाताची खूण नसते. ती फक्त शब्दकोशात आणि शिकणाऱ्यांच्या पुस्तकांत, स्वरावर तिरप्या रेघेने दाखवलेली असते. एका अक्षराचा मात्र मोठा आधार आहे. दोन टिंबांचे ‘यो’ हे अक्षर जवळपास नेहमी आघातासह येते, म्हणून त्याच शब्दातले बाकीचे ‘ओ’ सैल आहेत हे लगेच कळते. गोर्बाचेव यांच्या नावात शेवटी हेच अक्षर आहे. म्हणूनच रशियन लोक त्यांना ‘गर्बाचोफ’ म्हणतात. दुर्दैवाने वर्तमानपत्रे आणि पुस्तके ती टिंबे बऱ्याचदा गाळतात, आणि तो आधारही जातो.

ऐकण्यातली दुसरी अडचण व्याकरणाची आहे, आणि मला ती शब्द न ओळखण्यापेक्षाही जास्त घातक वाटते. मराठीसारखीच रशियनमध्ये तीन लिंगे आहेत आणि ती बहुतेक वेळा नामाच्या शेवटच्या अक्षरावरून कळतात. ‘आ’ने संपले तर स्त्रीलिंग, ‘ओ’ने संपले तर नपुंसकलिंग. डोळ्यांना हे अगदी सोपे आहे. कानाला नाही. लापशी या अर्थाचा शब्द ‘काशा’, शेवटी ‘आ’, स्त्रीलिंगी. मांस या अर्थाचा शब्द लिहायला ‘म्यासो’, शेवटी ‘ओ’, नपुंसकलिंगी. पण दोन्ही शब्दांत आघात सुरुवातीला आहे, म्हणून शेवटचा स्वर दोन्हींत एकच, पुसट : ‘काशा’ आणि ‘म्यासा’. ऐकून शिकणारा मांसालाही स्त्रीलिंगी समजतो. ‘हे’ आणि ‘ही’ या अर्थाचे दर्शक शब्द लिहायला ‘एतो’ आणि ‘एता’ असे वेगळे आहेत, ऐकायला दोन्ही ‘एता’. विशेषणाकडून मदत मिळेल असे वाटते, पण नव्या वस्तूसाठी स्त्रीलिंगी रूप आणि नपुंसकलिंगी रूप हेही बोलताना एकसारखेच निघते, दोन्ही ‘नोवया’.

मग रशियन मुलांना लिंग कळते कसे? आघात असलेल्या शब्दांवरून. ‘माझी’ म्हणजे ‘माया’, ‘माझे’ म्हणजे ‘मायो’. या दोन्ही शब्दांत आघात शेवटी आहे, त्यामुळे ‘आ’ आणि ‘ओ’ उघडपणे वेगळे ऐकू येतात. ‘एक’ या अर्थाचा शब्दही तसाच : स्त्रीलिंगी ‘आद्ना’, नपुंसकलिंगी ‘आद्नो’. नवीन नाम भेटले की त्याच्यापुढे ‘माझी’ किंवा ‘माझे’ लावून पाठ करा : ‘माया काशा’, ‘मायो म्यासा’. नपुंसकलिंगाची आणखी एक कसोटी कर्माच्या रूपात आहे. स्त्रीलिंगी नाम कर्म झाले की शेवटी ‘उ’ येतो, नपुंसकलिंगी नाम जसेच्या तसे राहते. ‘मी लापशी खातो’ यात ‘काशु’ ऐकू येते, ‘मी मांस खातो’ यात ‘म्यासा’च ऐकू येते. हा ‘उ’ आघात नसतानाही बराच शाबूत राहतो, म्हणून कानाने विश्वासाने पकडता येतो. विद्यार्थी ‘म्यासु’ म्हणाला की अनुभवी शिक्षकाला लगेच समजते की हा शब्द त्याने पुस्तकात पाहिलेला नाही, ऐकूनच शिकला आहे.

इथवर वाचल्यावर मनात येणारच की रशियनांनी बोलतात तसेच लिहायला काय हरकत होती? हा प्रश्न त्यांना अडीचशे वर्षांपूर्वीच पडला होता. आकान्ये फार जुने आहे. 1339च्या सुमारास मॉस्कोत लिहिलेल्या एका बायबलच्या पोथीत लेखनिकाने ‘ओ’ने सुरू होणारा एक शब्द चुकून ‘आ’ने लिहिला आहे. म्हणजे लेखनिकाच्या कानाने हाताला फसवले. अभ्यासक या चुकीला आकान्येच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक मानतात. पण हा उच्चार सगळ्या रशियात नव्हता. उत्तरेकडे आर्खान्गेल्स्क आणि वोलग्दाच्या भागात लोक आघात नसतानाही ‘ओ’ला ‘ओ’च म्हणत, आणि तिथल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो अजूनही ऐकायला मिळतो. त्याला ‘ओकान्ये’ म्हणतात. वोल्गाकाठच्या निझ्नी नोवगरदमध्ये वाढलेले मक्सीम गॉर्की आयुष्यभर तसेच बोलत.

मिखाइल लोमोनोसोव हे शास्त्रज्ञ आणि कवी याच उत्तर भागातले, खोल्मोगोरीजवळच्या खेड्यातले. 1755 साली त्यांनी लिहिलेल्या रशियन व्याकरणात मॉस्कोच्या बोलीला झुकते माप दिले आहे आणि आघात नसलेला ‘ओ’ मॉस्कोत ‘आ’सारखा म्हणतात तो कानाला अधिक गोड वाटतो, असेही नमूद केले आहे. पण लिहायचेही तसेच, हे त्यांना मान्य नव्हते. तसे केले तर रशियाच्या मोठ्या भागाला बोलणे आणि वाचणे जबरदस्तीने नव्याने शिकवावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. मला हा युक्तिवाद आजही सर्वांत सबळ वाटतो. लिहिलेला ‘ओ’ दोन्ही बाजूंच्या लोकांना चालत होता : उत्तरेतला माणूस तो ‘ओ’ वाचत होता, मॉस्कोतला ‘आ’, आणि पुस्तक एकच राहत होते.

दुसरा रस्ता कसा दिसला असता हे बघायचे तर शेजारच्या बेलारूसकडे बघावे. बेलारशियन भाषेतही आकान्ये आहे, आणि तिथे ते लिहितातही. ब्रनिस्लाव तराश्केविच यांचे शाळांसाठीचे बेलारशियन व्याकरण 1918 साली विल्नियसमध्ये छापले गेले, त्यात हीच पद्धत आहे. मिन्स्कमधल्या दुधाच्या पिशवीवर बेलारशियनमध्ये लिहिलेले असते ‘मालाको’. युक्रेनियन भाषेत ‘मोलोको’ लिहितात आणि तिन्ही ‘ओ’ स्पष्ट म्हणतात. रशियन या दोघांच्या मध्ये आहे, लिहिते युक्रेनियनसारखे आणि बोलते बरेचसे बेलारशियनसारखे. बेलारशियन मुलाला दूध लिहिताना विचार करावा लागत नाही. पण पाणी त्याला एकवचनात ‘वादा’ आणि अनेकवचनात ‘वोदी’ असे लिहावे लागते, म्हणजे शब्दाचे मूळ अक्षरांत बदलते. रशियन लिहिताना दोन्ही ठिकाणी ‘वोद’ राहते. वाचणाऱ्याला मूळ एका नजरेत ओळखू येते, आणि त्याची किंमत लिहिणाऱ्याने मोजायची असते.

ती किंमत कशी मोजायची, हे रशियन मुले पहिली-दुसरीतच शिकतात. पद्धतीचा गाभा असा : शंका आलेल्या स्वरावर आघात येईल असे त्याच मुळाचे दुसरे रूप किंवा दुसरा शब्द शोधायचा. तिथे जे ऐकू येईल, तेच इथे लिहायचे. अशा शब्दाला शाळेत ‘तपासणीचा शब्द’ म्हणतात. एक शब्द पूर्ण सोडवून बघू. शिक्षिका शुद्धलेखनाला बूट या अर्थाचा शब्द सांगते, ऐकू येते ‘सपागी’. आघात शेवटच्या ‘गी’वर आहे, तो ठीक. आधीचे दोन स्वर संशयित. प्रत्येक जागी ‘ओ’ किंवा ‘आ’, म्हणजे चार शक्यता : सापोगी, सोपोगी, सापागी, सोपागी. आता एकच बूट घ्या. एकवचनात आघात मागे येतो आणि ऐकू येते ‘सापोक’. दुसरा स्वर ‘ओ’ आहे हे सिद्ध झाले. खात्री हवी असेल तर चांभार म्हणजे ‘सापोझ्निक’, त्यातही तोच ‘ओ’ आघाताखाली आहे. आता पहिला स्वर. त्यावर आघात येईल असे या शब्दाचे एकही रूप रशियनमध्ये नाही. तपासणीचा शब्द संपला, वाट बंद. उरला फक्त शब्दकोश, आणि तो सांगतो ‘आ’. म्हणजे बरोबर लेखन ‘सापोगी’.

असे न तपासता येणारे शब्द बरेच आहेत, आणि त्यांत रोजच्या वापरातले शब्द भरपूर आहेत. कुत्रा लिहायला ‘सोबाका’, गाय लिहायला ‘कोरोवा’, पेन्सिल लिहायला ‘कारान्दाश’. रशियन शाळांत त्यांना ‘शब्दकोशाचे शब्द’ म्हणतात आणि ते सरळ पाठ करून घेतात. गाईला ‘कारोवा’ लिहिणे ही रशियन मुलाची ठरलेली चूक, कारण ऐकू तेच येते. परदेशी विद्यार्थ्याला इथे लहानसा फायदा आहे. तो बहुतेक शब्द आधी पुस्तकात बघतो, मग ऐकतो. म्हणून ‘कारोवा’ ही चूक त्याच्या हातून क्वचित होते. त्याची चूक उलटी असते : तो गाईला तोंडाने ‘कोरोवा’ म्हणतो.

तपासणीचा शब्द निवडतानाही खड्डे आहेत. उशीर होणे या अर्थाचे क्रियापद ऐकू येते ‘आपाज़्दात’. याच क्रियापदाच्या नेहमी उशीर होणे या रूपात आघात त्या स्वरावर येतो आणि ‘पाज़’ असे स्वच्छ ‘आ’ ऐकू येते. त्यावर विसंबला तो चुकला. या क्रियापदांच्या वारंवारतेच्या रूपात मुळातला ‘ओ’ आघाताखाली ‘आ’ होतो, ही रशियनची जुनी खोड आहे. म्हणून ती रूपे तपासणीला चालत नाहीत. चालते ते ‘उशिरा’ हे क्रियाविशेषण, ज्यात ‘पोज़’ असा ‘ओ’ ऐकू येतो. म्हणून लेखन ‘ओपोज़्दात’. काही मुळे तर नियमाला सरळ सरळ उलटे फिरवतात. उन्हाने काळवंडलेला रंग म्हणजे ‘ज़ागार’, ‘गार’वर आघात आणि ‘आ’. पण उन्हात रापणे या क्रियापदात आघात पुढे सरकला की त्याच जागी ‘ओ’ लिहावा लागतो. या मुळांची छोटी यादी आहे, ती वेगळी शिकावी लागते. तर्काने तिथे पोहोचता येत नाही.

आणि काही वेळा दोन्ही शब्द खरे असतात. घसा खुळखुळून धुवायला सांगताना डॉक्टर जे क्रियापद वापरतात ते लिहायला ‘पोलोस्कात’, आणि मायेने कुरवाळणे लिहायला ‘पोलास्कात’. ऐकायला दोन्ही नेमके ‘पलास्कात’. तपासणीचे शब्द दोन आहेत : धुण्याच्या वर्तमानकाळी रूपात ‘लो’ ऐकू येतो, आणि माया या अर्थाच्या ‘लास्का’ शब्दात ‘ला’. कोणता घ्यायचा, हे अक्षरे सांगू शकत नाहीत, वाक्य सांगते. घसा आला की धुणे, मांजर आले की कुरवाळणे. कंपनी आणि प्रचारमोहीम या दोन परकीय शब्दांचेही असेच आहे. रशियनमध्ये एकात ‘ओ’ आहे, दुसऱ्यात ‘आ’, उच्चार एकच. मोठमोठ्या संस्थांच्या पत्रकांतसुद्धा ही चूक छापली जाते. नोवोसिबीर्स्क विद्यापीठात 2004 साली सुरू झालेल्या ‘तोताल्नी दिक्तान्त’ या उपक्रमात दरवर्षी हजारो रशियन भाषक प्रौढ हौसेने बसून श्रुतलेखन लिहितात. मातृभाषाच असलेल्यांना जे कठीण जाते, ते परक्याला कठीण जावे यात काही आश्चर्य नाही.

अपवाद थोडे आहेत आणि ते बहुतेक परकीय शब्दांत आहेत. ‘रादिओ’मध्ये शेवटचा ‘ओ’ आघात नसतानाही ‘ओ’ राहतो, ‘काकाओ’मध्येही राहतो. पूर्वी सुशिक्षित लोक ‘कवी’ या अर्थाच्या ‘पोएत’ शब्दातही ‘ओ’ टिकवत, आता बहुतेक जण ‘पाएत’ म्हणतात. यापलीकडे या नियमाला फारशा पळवाटा नाहीत. ‘ये’ हे अक्षर आघात नसताना ‘इ’कडे कसे झुकते, हा मात्र वेगळा विषय आहे. तो ‘ओ’ पक्का झाल्यावरच हाती घ्यावा.

तुम्ही रशियन शिकत असाल तर वहीत नवा शब्द उतरवताना आघाताची रेघ पहिल्याच दिवशी मारा आणि शेजारी उच्चार देवनागरीत लिहा, ‘मोलोको’पुढे ‘मलाको’ असा. नामापुढे ‘माया’ किंवा ‘मायो’ लावा. ऐकलेला शब्द शोधताना आधी सर्वांत लांब, सर्वांत स्वच्छ स्वर पकडा, मग एक घर मागे जा आणि तिथे ‘आ’ असला तरी तो ‘ओ’ही असू शकतो हे ध्यानात ठेवा. शब्दकोशात ‘आ’खाली शब्द सापडला नाही, तर तो नाही असे समजून पान मिटू नका. ‘ओ’खाली बघा.